मेन बंद, तरीही न्यूट्रलवर २२८ व्होल्ट: जुन्या किटकॅट फ्यूजच्या बोर्डाजागी एमसीबी बोर्ड बसवतानाचे एक प्रकरण

दुमजली जुने घर. खालच्या मजल्यावर एक कुटुंब, वरच्या मजल्यावर दुसरे. दोन्ही मजल्यांना स्वतंत्र मीटर, एक फेज, २३० व्होल्ट. खालच्या मजल्याचा बोर्ड बदलायचा होता. जिन्याखाली लाकडी फळीवर लोखंडी पेटीतला, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल मेन स्विच आणि त्याच्या शेजारी चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजच्या दोन रांगा होत्या. वरच्या रांगेत सहा फेजचे फ्यूज आणि खालच्या रांगेत सहा न्यूट्रलचे. घरात इन्व्हर्टर होता. तक्रार अशी की गीझर लावला की बोर्डाजवळ जळकट वास येतो, पण फ्यूज मात्र कधी उडत नाही.

फ्यूज न उडण्याचे कारण किटकॅट बाहेर काढताच हातात आले. गीझरच्या किटकॅटमधली तार मायक्रोमीटरने मोजली, ती ०.८५ मिलिमीटर भरली. एवढ्या जाडीची कल्हईची तांब्याची तार ३० अँपिअरची धरतात. पण बदलत्या तारेचा फ्यूज त्याच्या रेटिंगला वितळत नाही, साधारण दुप्पट प्रवाह लागतो. म्हणजे हा फ्यूज ६० अँपिअरच्या आसपास गेल्यावर उडणार, आणि त्याच्या मागे भिंतीत गेलेली वायर होती २.५ चौरस मिलिमीटरची. तिची क्षमता पाइपमधून टाकलेली असताना वीस अँपिअरच्या आगेमागे. ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर घेतो, तेवढे ती वायर निवांत वाहून नेते. वास येत होता तो किटकॅटच्या सैल पडलेल्या पितळी पाकळ्यांमधून. तिथे संपर्क कमी झाल्याने तापत होते आणि फ्यूजमागची वीतभर वायर तपकिरी होऊन कडक झाली होती. बोटाने वाकवली तर आवरणाला तडे जात होते. अशा वेळी जाड तार घालणारा माणूस फ्यूज सारखा उडतो म्हणून तार जाड करतो, आणि मग वायर हाच फ्यूज होतो.

न्यूट्रलमध्येही फ्यूज असणे ही जुन्या बोर्डाची दुसरी खोड. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, पंखा थांबतो, माणूस समजतो वीज गेली. फेज मात्र होल्डरपर्यंत जिवंत असतो. नव्या बोर्डात न्यूट्रल तुटायचा तर फेजबरोबरच तुटला पाहिजे, एकटा कधीच नाही.

हे सगळे एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारे स्विच, बसवले की सुटते. पण या प्रकरणात मला लिहावेसे वाटते ते बोर्ड बसवण्यापेक्षा त्याआधीच्या भागाबद्दल. जुना बोर्ड उघडण्याआधी वीज खरोखर तुटली आहे हे कसे ठरवले, कोणत्या क्रमाने, आणि त्या क्रमातली एखादी पायरी गाळली असती तर काय झाले असते, याबद्दल. हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे. घरमालकाने वाचावे ते आपल्याकडे येणारा माणूस या पायऱ्या घेतो की नाही हे कळण्यासाठी.

आदल्या दिवशीची पाहणी

बोर्ड बदलण्याआधी तो चालू असताना वाचावा लागतो. मी घरातले सगळे दिवे-पंखे लावायला सांगितले आणि फेजचा एकेक किटकॅट काढून काय बंद पडते ते लिहीत गेलो. पहिला काढला, पुढच्या खोल्या क्षणभर विझल्या आणि पुन्हा लागल्या. इन्व्हर्टर. म्हणजे पहिल्या सर्किटला दोन बाजूंनी वीज येते हे तिथेच कळले. दुसरा काढला, मागच्या खोल्या गेल्या. तिसरा प्लग पॉइंट, चौथा स्वयंपाकघर आणि मागच्या पडवीतला सॉकेट, पाचवा गीझर, सहावा पंप.

सहाही फेज काढून झाले तरी जिन्यातला दिवा चालूच होता. इन्व्हर्टर बंद करून पाहिला, तरी चालू. सहाही फेज परत लावून मग न्यूट्रलचे किटकॅट एकेक काढत गेलो. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल काढताच जिन्यातला दिवा विझला.

याचा अर्थ एकच. त्या दिव्याला फेज वरच्या मजल्याच्या मीटरवरून येतो आणि न्यूट्रल खालच्या मजल्याच्या दुसऱ्या सर्किटमधून परत जातो. पूर्वी घर एकच असावे, नंतर वाटणी होऊन वर वेगळा मीटर आला आणि वायरमनने वरून फेज ओढला. न्यूट्रल जिथे जवळ सापडला तिथे जोडला. दिवा लागला, काम झाले. याला उसना न्यूट्रल म्हणतात आणि जुन्या घरांत तो मुख्यतः जिन्यात, व्हरांड्यात आणि दोन खोल्यांमधल्या टू-वे स्विचवर सापडतो.

खात्रीसाठी क्लॅम्प मीटरच्या जबड्यात दुसऱ्या सर्किटचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरले. सर्किट निरोगी असेल तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना छेद देतात आणि मीटर शून्य दाखवतो. इथे ०.२६ अँपिअर दिसले. जिन्यात ६० वॅटचा जुना बल्ब होता, ६० भागिले २३० केले की हाच आकडा येतो. दिवा विझवला, आकडा शून्यावर आला. एलईडी दिवा असता तर ही बेरीज जेमतेम ४० मिलिअँपिअर आली असती आणि साध्या क्लॅम्पवर नजरेतून सुटली असती. गळती प्रवाह मोजणारा बारीक क्लॅम्प म्हणूनच सोबत ठेवावा.

वीज तोडण्याचा क्रम

क्रम ठरतो तो एका प्रश्नावरून: या बोर्डात वीज कुठून कुठून येऊ शकते? पाहणीनंतर उत्तर तीन होते. वीज कंपनीची सर्व्हिस लाइन, इन्व्हर्टर आणि जिन्यातल्या दिव्यामार्गे वरचा मजला. सोलर पॅनेल किंवा जनरेटर असते तर तेही यादीत आले असते.

आधी लोड उतरवला. गीझर, पंप, फ्रिज बंद, टीव्ही आणि चार्जर प्लगमधून काढलेले. भरल्या लोडवर किटकॅट ओढला तर पाकळीवर ठिणगी पेटते, आणि हाताचे अंतर तेव्हा दोन-तीन इंचांचे असते.

मग इन्व्हर्टर. याचा क्रम मेन स्विचच्या आधी लागतो, कारण मेन आधी पाडला की इन्व्हर्टर आपले काम करतो: तत्परतेने वीज सुरू करतो. त्याचा समोरचा स्विच बंद केला, इनपुटचा प्लग काढला, आउटपुटच्या वायरी सोडवून टोकांवर इन्सुलेशनची टोपी घातली आणि बॅटरीचे एक टर्मिनल सोडून टेपने झाकले. नुसता समोरचा स्विच बंद करणे पुरत नाही. काही इन्व्हर्टरमध्ये तो स्विच फक्त बॅटरीवरून चालणे थांबवतो, इनपुट ते आउटपुट मार्ग मात्र खुलाच राहतो.

त्यानंतर मेन स्विच पाडला. इथे पुष्कळजण थांबतात आणि इथेच थांबू नये. मेन स्विच बंद असला तरी त्याच्या वरच्या दोन टर्मिनलवर, म्हणजे मीटरकडून येणाऱ्या बाजूला, पूर्ण व्होल्टेज असते. आपल्याला तोच मेन स्विच काढायचा आहे. त्यामुळे मीटरआधीचा कटआउट उघडावाच लागतो आणि तो वीज कंपनीच्या मालकीचा, सीलबंद असतो. अर्ज करून त्यांच्या माणसाकडून तो उघडून घेतला. कटआउटच्या आधीची सर्व्हिस वायर त्यानंतरही जिवंतच राहते. तिला शिवायचे नसते आणि तिथे कुणाचा हात जाणार नाही असे झाकून ठेवायचे असते.

कटआउटमधून निघालेला फ्यूज माझ्या खिशात राहिला, कटआउटच्या पेटीला माझे कुलूप लागले, किल्ली माझ्याजवळच. वर पाटी: "काम चालू आहे. वीज सुरू करू नये." पाटी असली तरी कुलूप लागतेच. पाटी वाचणारा माणूस थांबतो. अंधारात टॉर्च घेऊन "अरे, फ्यूज उडालाय वाटतं" म्हणत येणारा माणूस पाटी वाचत नाही.

मेलेली वायर सिद्ध करणे

कुलूप लावणे हा फक्त आपला समज पक्का करण्याचा भाग झाला. वायर मेलेली आहे हे मोजूनच ठरते.

मोजण्यासाठी दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर वापरला. खिशातला स्क्रूड्रायव्हर टेस्टर या कामाला चालत नाही. त्याच्या दिव्याचा प्रवाह आपल्या शरीरातून जमिनीत जातो. कोरड्या लाकडी शिडीवर रबरी चपलांत उभे राहिलो तर तो इतका मंद लागतो की उजेडात दिसतही नाही, आणि न दिसणारा उजेड म्हणजे वीज नाही असे आपण धरतो. साध्या डिजिटल मल्टिमीटरची उलटी अडचण असते. शेजारच्या जिवंत वायरच्या सहवासाने तुटक्या वायरवर तो साठ-सत्तर व्होल्टही दाखवतो, आणि हे खोटे आकडे पाहायची सवय लागली की माणूस खऱ्या आकड्याकडेही काणाडोळा करतो. दोन टोकांचा टेस्टर स्वतः थोडा प्रवाह ओढतो, त्यामुळे असली भुते त्याच्यावर टिकत नाहीत.

टेस्टर आधी चालतो आहे हे पाहायचे, मग मोजायचे, आणि मोजून झाल्यावर तो अजूनही चालतो आहे हे पुन्हा पाहायचे. घरातली सगळी वीज तोडलेली असल्याने पडताळणीसाठी बॅटरीवर चालणारे प्रूव्हिंग युनिट सोबत होते. शेवटची पडताळणी वगळली तर मधल्या वेळेत टेस्टरची लीड तुटलेली असूनही प्रत्येक ठिकाणी शून्य दिसेल आणि ते शून्य आपण खरे मानू.

मोजायच्या जोड्या तीन: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. तिन्ही, प्रत्येक सर्किटवर. आणि मोजताना घरातले सगळे दिव्या-पंख्यांचे स्विच चालू स्थितीत, कारण बंद स्विचच्या पलीकडे काय आहे ते बोर्डावर दिसत नाही. अर्थ खरोखर अर्थ आहे का, हेही आधी पाहिले. जमिनीशी तुटलेल्या अर्थ वायरशी तुलना केली तर सगळेच शून्य येते.

पहिल्या फेरीत जिन्याचा स्विच बंद होता. तिन्ही जोड्या, सहाही सर्किट, सगळीकडे शून्य. पाहणी न करता आलो असतो तर इथे काम सुरू झाले असते.

मग मी मदतनिसाला जिन्याचा स्विच लावायला पाठवले.

"दादा, लावला. पण दिवा काही लागत नाही."

दिवा लागणार नव्हताच. डबल पोल मेनने खालच्या न्यूट्रलचा परतीचा रस्ता तोडलेला होता, प्रवाह वाहायला वाटच नव्हती. टेस्टर दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रल आणि अर्थवर ठेवला: २२८ व्होल्ट. सगळे न्यूट्रल बोर्डात एकत्र जोडलेले, म्हणून सहाही सर्किटच्या न्यूट्रलवर तेच. आणि घरातले स्विच चालू असल्याने ते व्होल्टेज दिव्यांमधून उलटे फेजवरही चढलेले होते. फेज-अर्थ मोजले, जवळपास तेवढेच. फेज-न्यूट्रल मोजले, शून्य.

हे शून्य नीट समजून घ्यावे. दोन्ही वायरी एकाच व्होल्टेजवर असल्या की त्यांच्यातला फरक शून्य येतो. फक्त फेज-न्यूट्रल मोजून "मेलंय" म्हणणाऱ्याच्या हातात त्या क्षणी दोन्ही जिवंत वायरी असतात. बल्ब मध्ये आहे म्हणून धक्का सौम्य बसेल असेही समजू नये. ६० वॅटच्या बल्बच्या फिलामेंटचा रोध थंड असताना शंभर ओहमच्याही खाली असतो. शरीराचा रोध हजाराच्या घरात. बल्ब काहीही अडवत नाही, सगळे व्होल्टेज माणसावर येते. आणि दिवा पेटत नाही, त्यामुळे इशाराही मिळत नाही. दिवसा सुरू केलेले काम लांबले, अंधार पडला आणि वरच्या मजल्यावरच्या कुणी सवयीने जिन्याचा स्विच दाबला, तर बोर्डात हात घातलेल्या माणसाला काय झाले ते कळायलाही वेळ मिळाला नसता.

वरच्या काकूंना परिस्थिती सांगितली आणि त्यांचा मेन थोडा वेळ बंद करून कुलूप लावले. जिन्याच्या सर्किटचा त्यांचा फ्यूज काढून भागले असते, पण एका घरातला किटकॅट दुसऱ्या जागी सहज बसतो. पुन्हा तिन्ही जोड्या, जिन्याचा स्विच दोन्ही स्थितींत फिरवून. सगळे शून्य. टेस्टर पुन्हा प्रूव्हिंग युनिटवर, ठीक. मग पहिले काम बोर्डाचे केले नाही. जिन्यातल्या दिव्याच्या डबीत शिडी लावून तिथला उसना न्यूट्रल सोडवला, दोन्ही टोके वेगवेगळी झाकली, खालच्या सर्किटशी त्याचा संबंध संपवला, आणि त्यानंतरच काकूंची वीज परत दिली. दिव्याचा फेज येतो त्याच पाइपमधून वरच्या मजल्याचा न्यूट्रल नंतर नव्याने ओढून घेतला.

जुना बोर्ड काढताना

इथून पुढचे काम तुलनेने सरळ. प्रत्येक वायरला सोडवण्याआधीच नंबर लावला, फेजला आणि तिच्याच न्यूट्रलला एकच नंबर. जुन्या बोर्डात कोणता न्यूट्रल कुणाचा याने फरक पडत नव्हता. नव्या बोर्डात पडतो, तो का ते पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र हळू करावी. जुन्या किटकॅटच्या आत तारेभोवती किंवा तळाशी पांढरट विणलेली पट्टी किंवा नळी दिसली तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. काही जुन्या फळ्यांच्या मागे त्याच द्रव्याचा पत्राही लावलेला असतो. ती खरवडू नये, ब्रशने झाडू नये, ड्रिल चालवू नये. पाण्याचा फवारा मारून ओली करावी, तोंडावर साधा रुमाल न बांधता योग्य मास्क घालावा, अख्खा किटकॅट जाड पिशवीत बंद करून घातक कचऱ्याच्या नियमाने सोपवावा.

गीझरच्या वायरचा तपकिरी झालेला भाग निरोगी आवरणापर्यंत कापून टाकला. वायर त्यामुळे आखूड पडली. पिळून टेप गुंडाळण्याऐवजी योग्य मापाची क्रिम्प स्लीव्ह लावून, नवा तुकडा जोडून, जोड उघडता येईल अशा डबीत ठेवला.

नवा बोर्ड: काय बसवले आणि का

आत ४० अँपिअरचा डबल पोल आयसोलेटर, म्हणजे नवा मेन स्विच, त्याखाली दोन आरसीसीबी, म्हणजे गळती प्रवाह दिसताच पडणारे स्विच, दोन्ही ३० मिलिअँपिअरचे, आणि प्रत्येकाखाली तीन-तीन एमसीबी. एकच आरसीसीबी लावला असता तर पडवीतल्या ओल्या सॉकेटमुळे सगळे घर अंधारात गेले असते.

एमसीबीचे रेटिंग वायरवरून ठरते, उपकरणावरून नाही. उपकरण त्या रेटिंगमध्ये बसले नाही तर वायर बदलायची. गीझरच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरला १६ अँपिअरचा एमसीबी दिला. गीझर १३ घेतो, त्यामुळे उगाच पडत नाही. एमसीबी रेटिंगच्या १.४५ पट प्रवाहाला तासाभरात पडलाच पाहिजे असा त्याचा मानक आहे, म्हणजे २३ अँपिअरच्या आसपास. जुना फ्यूज तिथे साठपर्यंत गप्प बसला असता. दिव्यांच्या १.५ च्या वायरींना ६ अँपिअर.

पंपापाशी थोडा विचार करावा लागला. एक हॉर्सपॉवरचा सिंगल फेज पंप चालताना पाच-सहा अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे तीसच्या आसपास. १० अँपिअरचा बी प्रकारचा एमसीबी ३० ते ५० अँपिअरला तत्काळ पडतो, म्हणून तो पंप सुरू करतानाच पडण्याची शक्यता. सी प्रकारचा ५० ते १०० ला पडतो. पंपाला सी १० बसवला, बाकी सगळ्यांना बी. पंपाचा एमसीबी पडतो म्हणून २० चा लावणे हा रिवाज टाळावा. तो जाड फ्यूज तारेचाच नवा अवतार आहे.

आता न्यूट्रल. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करतो. फरक आला की वीज जमिनीकडे किंवा माणसातून जाते आहे असे धरून पडतो. १५ मिलिअँपिअरच्या खाली त्याने पडू नये, ३० ला पडायलाच हवे. म्हणून प्रत्येक आरसीसीबीला स्वतःची न्यूट्रल पट्टी लागते आणि त्याच्या सर्किटचे न्यूट्रल फक्त त्याच पट्टीवर. एका गटाचा न्यूट्रल दुसऱ्या पट्टीवर लागला तर पहिला दिवा लावताच पडतो. जिन्यातला उसना न्यूट्रल तसाच राहिला असता तर २६० मिलिअँपिअरचा फरक दुसऱ्या सर्किटच्या आरसीसीबीला दिसला असता आणि जिना उजळला की खोल्या विझल्या असत्या. मग कुणीतरी "हा आरसीसीबीच खराब" म्हणून तो काढून टाकला असता, आणि असे काढलेले आरसीसीबी मी बरेच पाहिले आहेत.

इन्व्हर्टरच्या आउटपुटचे फेज-न्यूट्रल वेगळ्या जोडीने आणून पहिल्या सर्किटसाठी बोर्डात स्वतंत्र कप्पा केला, आणि झाकणावर ठळक पट्टी: "या बोर्डात दोन ठिकाणांहून वीज येते. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टरची बाजू चालू असू शकते."

स्क्रू आवळताना वायर पकडीच्या मागे न जाता पकडीतच बसली आहे हे पाहावे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. आवळून झाल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून पाहिली. उत्पादकाने दिलेला टॉर्क टॉर्क-स्क्रूड्रायव्हरने दिला, अंदाजाने नाही. सैल टर्मिनल हे नव्या बोर्डातल्या आगीचे एक मोठे कारण ठरते आणि एमसीबीला ते दिसत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो.

वीज देण्याआधी आणि दिल्यावर

आयसोलेटर बंद असताना अर्थची सलगता मोजली, प्रत्येक सॉकेटपासून बोर्डापर्यंत. मग मेगरने ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन. उपकरणे काढलेली, आरसीसीबीच्या वायरी सोडवलेल्या, फेज-न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी मोजलेले. किमान एक मेगओहम हवे. पाच सर्किट पन्नासच्या वर होते, चौथे ०.४ वर अडकले. सर्किट मधोमध सोडवून अर्धे-अर्धे मोजत गेलो. दोष पडवीतल्या सॉकेटच्या डबीत सापडला: भिंतीतून झिरपलेल्या पाण्याने डबीत हिरवट गंज चढला होता. ती डबी बदलून, कोरडी जागा निवडून बसवल्यावर तेच सर्किट १०० च्या वर गेले. किटकॅटच्या काळात हा दोष वर्षानुवर्षे न दिसता राहिला असता, कारण तो वितळण्याइतका प्रवाह ओढत नाही.

वीज कंपनीच्या माणसाने कटआउट परत लावल्यावर आयसोलेटर बंद ठेवूनच वरच्या बाजूला व्होल्टेज आणि फेज-न्यूट्रलची जागा तपासली. मग आयसोलेटर, एक आरसीसीबी, त्याखालचा एकेक एमसीबी, पुढे दुसरा गट. बॅटरी व इनपुट जोडून इन्व्हर्टर सर्वांत शेवटी, जेणेकरून काही चुकले असते तर दुसऱ्या बाजूने वीज येत राहिली नसती. आरसीसीबी उपकरणाने तपासले. ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडले पाहिजेत, दोन्ही त्याच्या बरेच आत पडले. समोरचे चाचणीचे 'टी' बटण त्यानंतर दाबले. बटण आरसीसीबीची यंत्रणा तपासते, घराचे अर्थिंग नाही. म्हणून उपकरणाने एकदा आणि बटणाने दर काही महिन्यांनी, हे दोन्ही लागते. बटण दाबून तो पडला नाही तर तो त्याच दिवशी बदलायचा.

निघताना घरच्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण नवा बोर्ड लागल्यावर लोक निर्धास्त होतात. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, आणि माणूस जमिनीपासून तुटलेला असला, तर जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच राहतो. आरसीसीबीला फरक दिसत नाही आणि तो पडत नाही. एमसीबीही पडत नाही, कारण माणसातून जाणारा प्रवाह त्याच्या हिशेबात अगदी किरकोळ असतो. बल्ब बदलताना स्विच नव्हे, त्या सर्किटचा एमसीबी पाडावा, आणि पहिल्या सर्किटचा बल्ब असेल तर इन्व्हर्टरही.

बोर्डाच्या झाकणाच्या आत सर्किटची यादी, वायरींची मापे, मेगरचे आकडे आणि जिन्याच्या दिव्याचा फेज-न्यूट्रल दोन्ही वरच्या मीटरवर आहेत ही नोंद चिकटवून ठेवली. वरच्या मजल्यावर अजून जुनेच किटकॅट आहेत. तो बोर्ड बदलायची वेळ येईल तेव्हा तिथल्या वायरमनला या नोंदीवरून खालच्या बाजूचा भाग कळेल, पण त्यालाही सगळे फेज काढून काय चालू राहते ते स्वतः पाहावेच लागेल.